बायकोचा एक्स, गरब्याचा ग्रुप आणि रात्री उठून बघितलेला लास्ट सीन

प्रश्न: ताई, मी ३२ वर्षांचा, मूळचा जळगावचा, नोकरीमुळे बडोद्यात, मांजलपूरला राहतो. लग्नाला ३ वर्षं झाली. बायको इथलीच. तिचा कॉलेजमधला एक्स अजून तिचा जवळचा मित्र आहे, हे तिने लग्नाआधीच सांगितलं होतं आणि तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. गेल्या वर्षी तो पुण्याहून परत आला, त्यांचा जुना गरब्याचा ग्रुप परत जमला, दोघं रोज थोडं तरी बोलतात. मी रात्री उठून लास्ट सीन बघतो, दोनदा तिच्या नकळत फोन पण चेक केला, काही सापडलं नाही. तरी विचारत राहतो, मग ती रडते. दीड महिन्यावर नवरात्र आलंय. तिला ही मैत्री बंद करायला सांगू का, की मलाच वेड लागलंय?

उत्तर:

भाऊ, दोन्ही नाही. बंद करायला सांगू नका आणि वेड वगैरे काही लागलेलं नाहीये. पण तुमच्या लिहिण्यात एक वाक्य आहे तिथे मी थांबले, 'काही सापडलं नाही, तरी विचारत राहतो'. रावपुऱ्यातल्या माझ्या खोलीत गेली १८ वर्षं नवरा-बायको येऊन बसतायत, त्यातले मत्सराने बेजार झालेले जवळजवळ सगळे हे वाक्य कुठल्या ना कुठल्या रूपात बोलतात, आणि माझं काम बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतं, त्या तिसऱ्या माणसापासून नाही.

विचारण्याचे दोन प्रकार असतात, वरून सारखेच दिसतात. एक खरा प्रश्न. 'शनिवारी किती वाजता येशील?' उत्तर आलं, संपलं, तुम्ही उठून पाणी प्यायला गेलात. दुसरा भीतीचा प्रश्न. 'त्याच्याशी काय बोललीस?' ती म्हणते ऑफिसचं सांगत होता. तुम्हाला बरं वाटतं, पण किती वेळ? दहा मिनिटं, फार तर तासभर. मग तोच प्रश्न कपडे बदलून येतो, 'पण हसत का होतीस मग?' याची ओळख एवढीच की उत्तराने तो संपत नाही, उत्तरावर तो पोसला जातो. तुम्ही गेल्या महिन्यात विचारलेले प्रश्न आठवून बघा आणि स्वतःलाच सांगा, त्यातला एक तरी उत्तर मिळाल्यावर कायमचा संपला का.

खाजवल्यासारखं आहे हे. खाजवलं की क्षणभर इतकं बरं वाटतं की हात आपोआप परत तिथेच जातो आणि जखम वाढते. लास्ट सीन बघितलं, काही नव्हतं, जीव भांड्यात पडला, आता यातून मन काय शिकलं? 'काळजीचं कारण नव्हतं' हे नाही शिकत हो, मन शिकतं की 'बघितलं म्हणून वाचलो'. त्यामुळे उद्या परत बघावंच लागतं. आणि काही न सापडणं हा कधीच पुरावा ठरत नाही कारण कालची रात्र झाली, आजची रात्र नवीन आहे. शंभर वेळा बघून शंभर वेळा काही नाही निघालं तरी एकशे एकावी वेळ शिल्लकच राहते. शिवाय त्या लास्ट सीनवर तसं कळतं तरी काय? ती पावणेबाराला ऑनलाइन होती आणि तो पण होता. तिच्या फोनमध्ये बहीण आहे, आई आहे, सोसायटीचा ग्रुप आहे, ऑफिसचे चार ग्रुप आहेत. कोणाशी बोलत होती ते त्या वेळेत लिहिलेलं नसतं, ते तुम्ही भरता, आणि रात्री दोन वाजता माणूस चांगलं काही भरत नाही.

एका जोडप्याचं सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत आणि दोन-तीन जोडप्यांचं थोडं थोडं एकत्र केलंय. इथे उलट होतं, ती बेचैन आणि नवऱ्याची ऑफिसातली मैत्रीण. तो मकरपुऱ्याला एका कारखान्यात, मैत्रीण त्याच डिपार्टमेंटला, दोघं एका बाजूला राहणारे म्हणून एकाच गाडीतून जाणं-येणं. बायको दिवसाला नऊ-दहा वेळा विचारायची, पोचलात का, ती पण होती का, पुढे बसली का मागे, काय बोललात रस्त्यात. तो आधी नीट सांगायचा, मग तुटक सांगायला लागला, मग एक दिवस कटकट नको म्हणून त्याने मैत्रिणीचे मेसेज डिलीट करायला सुरुवात केली. आणि ते रिकामं चॅट तिने पाहिलं. आता सांगा, तिच्या जागी कोणी असतं तर काय समजलं असतं? ती बरोबरच घाबरली. पण डिलीट करण्याचं कारण प्रेमप्रकरण नव्हतं, संध्याकाळची चौकशी होतं. म्हणजे चौकशीतून लपवालपवी जन्माला आली आणि लपवालपवीतून आणखी चौकशी, आणि दोघांनाही वाटत होतं की सुरुवात समोरच्याने केली. ही गोष्ट मी इतक्या घरांत पाहिलीय की हल्ली पहिल्या भेटीतच विचारते, कटकट टाळायला म्हणून काय काय सांगणं बंद केलंय तुम्ही एकमेकांना?

त्यांना मी आधी वेगवेगळं भेटले. तिला एक साधी वही करायला सांगितली, त्यात पाचच गोष्टी, किती वाजता, काय झालं, मनात काय आलं, मी काय केलं, आणि बरं किती वेळ वाटलं. दोन आठवडे फक्त लिहायचं, थांबवायचा प्रयत्न सुद्धा करायचा नाही. वही घेऊन आली तेव्हा तिनेच बोट ठेवून दाखवलं की बरं वाटण्याचा सगळ्यात मोठा वेळ चाळीस मिनिटं होता, आणि दुसरं म्हणजे प्रश्न गाडीच्या वेळेला येतच नव्हते फारसे, ते यायचे रविवारी दुपारी आणि रात्री जेवताना, जेव्हा नवरा समोर बसलेला असून गप्प असायचा. हे तिच्या आधी लक्षात आलं नव्हतं. ती म्हणाली, 'मॅडम, मला ती गाडीत काय बोलते याचं नाही हो वाईट वाटत, तो गाडीत बोलतो याचं वाटतं.'

मग आम्ही तिघं बसलो आणि तिने चौकशी न करता एवढंच विचारलं की तुमच्या मैत्रिणीला माहीत असलेलं असं काय आहे जे मला माहीत नाही. तो बराच वेळ बोलला नाही. मग निघालं की भावासाठी त्याने चार लाखांचं कर्ज काढलं होतं, हप्ता जात होता, बायकोला माहीत नव्हतं आणि मैत्रिणीला माहीत होतं. बास, एवढंच. यात कोणाचा हात कोणाला लागला नव्हता, पण बायकोला काहीतरी जाणवत होतं ते खोटं नव्हतं, तिला घरातल्या एका खोलीबाहेर ठेवलं होतं आणि त्या खोलीत बाहेरची बाई बसली होती. मत्सर बऱ्याचदा असा अर्धा बरोबर असतो. काहीतरी कमी पडतंय हे त्याला बरोबर कळतं, काय कमी पडतंय हे मात्र तो चुकीचं सांगतो.

त्यांचं ठरलं ते असं. पैसा, आजारपण, नोकरी, सासर-माहेरची भांडणं, हे आधी घरात बोलायचं, मग बाहेर. बायकोबद्दलची तक्रार मैत्रिणीकडे करायची नाही. मेसेज डिलीट करायचे नाहीत, आणि तिने ते मागायचे नाहीत, हे दोन्ही एकदमच, एक पाळलं आणि दुसरं नाही असं चालत नाही. गाडी तीच राहिली, मैत्री पण राहिली. साधारण पाच-सहा आठवड्यांत दिवसाचे नऊ-दहा प्रश्न होते ते आठवड्याला दोनावर आले. मग कंपनीची पिकनिक आली आणि चार दिवस सगळं परत पहिल्यासारखं झालं, ती रडत फोन करून म्हणाली की सगळं वाया गेलं. वाया गेलं नव्हतं, परत वही काढली आणि या वेळेला चार दिवसांतच ती जागेवर आली.

आता तुमचं.

तुमच्या घरात आत्ता लपवलेली गोष्ट मला एकच दिसतेय, आणि ती तुमची आहे. तिने एक्सबद्दल लग्नाआधी सांगितलं, ग्रुप परत जमला ते तुम्हाला माहीत आहे, रोज बोलतात हे पण माहीत आहे. तुम्ही दोनदा फोन चेक केला हे तिला माहीत नाही. हे आधी सांगा. मला ठाऊक आहे हे ऐकून पोटात गोळा आला असेल, पण हे न सांगता तुम्ही मोकळेपणाबद्दल बोलायला बसलात तर प्रत्येक वाक्यात एक पाय अडकलेला राहील, आणि कधीतरी तिला दुसरीकडून कळलं तर तुमचं बाकी सगळं बरोबर बोलणं सुद्धा ती मानणार नाही. सांगताना छोटं सांगा. 'मी तुझा फोन दोनदा तुला न विचारता पाहिला. काही नव्हतं. ते चुकलं, परत करणार नाही.' इथे थांबायचं. 'पण तू पण ना' हे जोडायचं नाही, 'मला इतका त्रास होत होता म्हणून' हे पण त्याच दिवशी नको, कारण मग माफी राहत नाही, हिशोब होतो. ती चिडेल, कदाचित दोन दिवस बोलणार नाही. तेवढं चिडू द्या. आणि नेमकं तेव्हाच 'तू मला सोडून तर नाही ना जाणार' असं विचारायची प्रचंड इच्छा होईल, तो पण भीतीचाच प्रश्न आहे, ओळखा त्याला.

मग वही, वर सांगितली तशीच. लास्ट सीन बघितलं की लिहा, विचारलं की लिहा, आणि बरं किती मिनिटं वाटलं ते घड्याळात बघून लिहा, अंदाजे नको. पहिले दहा-बारा दिवस एवढंच. यातून तुम्हाला तुमच्या वेळा कळतील. बहुतेक लोकांना वाटतं की मत्सर दिवसभर असतो, वहीत तो ठराविक जागी सापडतो, झोपायच्या आधी, ऑफिसात बॉस ओरडला त्या संध्याकाळी, तिच्या माहेरचे लोक जमले की.

त्यानंतर उशीर करायचा. बंद नाही, उशीर. आज लास्ट सीन बघावंसं वाटलं की मनातल्या बेचैनीला शून्य ते दहा मधला आकडा द्या आणि वीस मिनिटं थांबा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. वीस मिनिटांनी परत आकडा द्या. सुरुवातीला आठचा नऊ पण होईल, घाबरू नका, पण न बघता थांबलात तर तो हळूहळू उतरतोच, कुठलीही बेचैनी शिखरावर तास न् तास टिकत नाही. हे मी सांगून उपयोग नाही, तुमच्या वहीत तुमच्या अक्षरात आठचा चार झालेला दिसला पाहिजे. चार-पाच दिवस वीस मिनिटं जमली की तासभर, मग सकाळपर्यंत. सकाळपर्यंत थांबलेल्या दहा वेळांपैकी किती वेळा सकाळी खरंच बघावंसं वाटलं ते मोजा. फोन रात्री हॉलमध्ये चार्जिंगला लावा आणि उठवायला साधं घड्याळ आणा, कारण उशीजवळ फोन असताना हे मनाच्या जोरावर कोणाला जमलेलं मी पाहिलं नाही. आणि तिला विचारायचे प्रश्न पण असेच ढकलायचे, त्यासाठी आठवड्यातून दोन दिवस ठरवून घ्या, मंगळवार-शुक्रवार म्हणा, जेवणानंतर वीस मिनिटं, त्यात विचारायचं. मंगळवारपर्यंत जो प्रश्न टिकला तो बहुधा खरा प्रश्न असतो, बाकीचे वाटेत गळतात.

एक गोष्ट इथे नीट बघा. हा मित्र लग्नाआधी होता, लग्नानंतर दोन वर्षं होता, तुम्हाला काही वाटत नव्हतं. बदललं कधी? तो परत आला तेव्हा, बरोबर, पण त्याच्याबरोबर अजून काय परत आलं? ग्रुप. गरबा. तिचं बडोदं. जिथे तिला सगळे ओळखतात आणि तुम्हाला 'हिचे मिस्टर' म्हणून ओळखतात, जिथे ती अर्धं वाक्य गुजरातीत बोलून हसते आणि तुम्हाला तो संदर्भ लागत नाही. नवरात्रात इथे रात्र रात्र अख्खं शहर गोल फिरतं आणि जळगावचा माणूस कडेला पाण्याच्या बाटल्या आणि पर्स सांभाळत उभा राहतो. तो एक्स आहे म्हणून जळतंय का तो त्या गोलाच्या आत आहे म्हणून? मला उत्तर नकोय, तुम्ही वहीत लिहा. मला शंका आहे की तो एक्स नसता, नुसता जुना मित्र असता, तरी तुम्हाला अर्धं दुखलंच असतं. आणि हे खरं असेल तर मैत्री बंद करून ते अर्धं दुखणं जाणार नाहीये, उलट तिच्या मनात कायमचं राहील की माझ्या शहरातला माझा एक कोपरा नवऱ्याने बंद करायला लावला.

म्हणूनच बंद कर म्हणू नका असं म्हणते. दुसरं कारण अगदी व्यवहाराचं आहे. भीतीपोटी घातलेली बंदी एकावर थांबत नाही. तो गेला की ऑफिसातला कोणी येतो, मग जिमचा ट्रेनर, कारण भीती तुमच्यापाशीच राहिलेली असते. पासवर्ड मागणं, लोकेशन चालू ठेवायला लावणं यांचं पण तसंच, तुम्ही नवरा राहत नाही, वॉचमन होता आणि वॉचमनला झोप नसते. एक अपवाद सांगते, जिथे खरंच फसवणूक झालेली आहे आणि दोघांनी एकत्र राहायचं ठरवलंय तिथे काही महिने फोन उघडा ठेवणं, कुठे आहे ते आपणहून कळवणं, हे मी स्वतः करायला लावते. तिथे मोडलेला विश्वास परत बांधायचा असतो. तुमच्याकडे तसं काही घडलेलं नाही.

मग काहीच मागायचं नाही का? मागायचं. पण घडलेलं धरून मागायचं, वाटलेलं धरून नाही. 'तू त्याच्याशी फार बोलतेस' यावर ती फक्त 'नाही बोलत' एवढंच म्हणू शकते, यातून भांडणाशिवाय काही निघत नाही. त्यापेक्षा असं बघा, 'शनिवारी आपण जेवत होतो, त्याचा फोन आला आणि तू ताट सोडून बाल्कनीत गेलीस, वीस मिनिटांनी आलीस. मला एकटं वाटलं. जेवताना फोन नंतर करते म्हणशील का?' यात दिवस आहे, घडलेली गोष्ट आहे, तुमचं मन आहे, आणि एक छोटी मागणी आहे जी ती पाळतेय का नाही हे दोघांनाही दिसेल. एका वेळी एकच मागा. तिला 'नाही' म्हणायची मुभा पण हवी, नाहीतर ती मागणी नसते, हुकूम असतो. आणि तिला पण विचारा की मी विचारत राहतो तेव्हा तुला काय होतं, आणि ती सांगेल ते मधे न बोलता ऐका, पाच मिनिटं तरी.

तिच्यासाठी पण थोडं, वाचायला दिलंत तर. प्रत्येक वेळेला त्याला समजावत बसू नकोस, तुझ्या दहाव्या उत्तराने पण त्याचं समाधान होणार नाहीये, आणि ते तुझ्या उत्तरात कमी आहे म्हणून नाही. 'हे आपण मंगळवारी बोलू, आत्ता चल चहा करूया' एवढं प्रेमाने म्हणायचं. आणि त्याला त्रास नको म्हणून काही लपवू नकोस, मकरपुऱ्याच्या जोडप्याचं काय झालं ते वर लिहिलंय. विचारण्याआधी आपणहून सांगितलेलं एक वाक्य, 'आज अमक्याला भेटले, त्याच्या आईचं ऑपरेशन आहे', हे विचारून काढलेल्या दहा वाक्यांपेक्षा जास्त काम करतं.

आता मला हे पण सांगितलं पाहिजे की कधी मी उलट बोलले असते. मित्र किती वेळा भेटतो किंवा ती त्याच्याशी किती हसते यावरून मला काही कळत नाही. मी तीन गोष्टी बघते. तुमच्या दोघांतली भांडणं आणि खाजगी गोष्टी त्याच्यापर्यंत जातात का आणि तिथेच सुटतात का, म्हणजे नवऱ्याशी बोलायचं ते त्याच्याशी बोलून होतं का. भेट झाली हे सांगितलं जातं की नंतर तिसऱ्याकडून कळतं. आणि तुम्ही तिथे जाऊन उभे राहिलात तर दोघांचं वागणं आहे तसंच चालू राहतं की आवाज बदलतात, विषय बदलतो, तुम्हाला आत घेतलं जात नाही. तिन्ही असेल आणि काही आठवडे टिकून असेल तर ते तुमच्या डोक्यातलं नाही, मग मी वही बाजूला ठेवून दोघांना समोर बसवते आणि सरळ विचारते की या मैत्रीला हद्द काय. तुम्ही लिहिलंय त्यात मला यातलं एकही दिसलं नाही, पण घरात तुम्ही राहता, मी नाही, तेव्हा बघा, फक्त रात्री दोन वाजता बघू नका.

आणि काही ठिकाणी माझ्यासारखीचं काम नसतं. विचार दिवसाचे तासच्या तास खातोय, तपासल्याशिवाय कामाला हात लागत नाही, तुम्हाला स्वतःला पटतंय की यात अर्थ नाही तरी थांबता येत नाहीये, असं होत असेल तर सायकियाट्रिस्टला दाखवा, हे ओसीडीच्या जवळ जातं आणि त्यावर औषधाने खरंच फरक पडतो. दुसरीकडे कोणाला शंका नाहीच, खात्रीच आहे, बेडशीट तपासतो, बाहेरून जाणाऱ्या माणसावर पण संशय घेतो, विशेषतः दारू वाढलेली असताना किंवा म्हातारपणी अचानक, तर तो मत्सर नाही, आजार आहे आणि त्याला समजावून उपयोग नसतो, डॉक्टर लागतो. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी फोन आहे, फुकट आहे, रात्री पण चालतो. आणि तुमचा हात उठला असेल, तिला बाहेर जायला अडवलं असेल, फोन फोडला असेल, तर आधी ते थांबलं पाहिजे, वरचं काहीच मग पहिलं काम राहत नाही, आणि तिला गुजरातमधल्या अभयम या महिला हेल्पलाइनचा १८१ नंबर माहीत असायला हवा. तुम्ही तसं लिहिलेलं नाही, पण हे वाचणाऱ्या कोणाच्या तरी घरी तसं असेल म्हणून लिहितेय.

नवरात्राचं आता. दीड महिना आहे म्हणजे फोनबद्दल सांगणं या आठवड्यात, वही पुढचे दोन आठवडे, उशीर करायची सवय त्याच्या पुढचे दोन-तीन, एवढं बसतं. नऊच्या नऊ रात्री एकदम अंगावर घेऊ नका. ती नऊ रात्री जाईल, जाऊ द्या, तुम्ही तीन रात्री जा आणि कुठल्या तीन ते आधी ठरवा, ऐन वेळी मन अस्वस्थ झालं म्हणून मागे धावत जायचं नाही, तेव्हा तुम्ही गरब्याला गेलेले नसता, पहाऱ्याला गेलेले असता आणि तिला ते लांबून कळतं. ज्या रात्री घरी आहात त्या रात्रीचं एकच ठरवून घ्या, ती निघाली की एक मेसेज करेल, बाकी मधे फोन नाही. बाराच्या पुढे बेचैनी आठला जाईल, वही काढा, आकडा लिहा, वीस मिनिटांनी परत लिहा. ती आल्यावर पहिला प्रश्न 'तो होता का' हा नको, होताच तो, तुम्हाला माहीत आहे. पाय दुखतायत का विचारा, गरम पाणी लागेल का विचारा.

आणि त्या तीन रात्रींसाठी तिच्याकडून आत्तापासून शिकायला लागा. बे ताळी आणि त्रण ताळी या साध्या स्टेप पंधरा दिवसांत येतात, हॉलमधलं टीपॉय सरकवलं की जागा होते, दोढियुं पुढच्या वर्षी. तिला सांगा, 'मला त्या गोलात यायचंय, शिकव.' तो पण त्या गोलात असेल, तुमच्यापासून चार माणसं पुढे किंवा मागे. पहिल्या रात्री तुमचे पाय चुकतील आणि तुमची नजर त्याच्याकडेच जाईल, तसं झालं की पुढच्या माणसाच्या पायांकडे बघायचं आणि टाळी मोजायची, एवढंच, आणि घरी आल्यावर वहीत आकडा.